थंबनेलवरचा भाव टायमरखाली जाऊ नये म्हणून: फ्रेम कशी निवडायची, कशी कापायची



आपल्या एका बॅचमधले दादा शेंगदाणा चटणी विकतात. त्यांनी व्हिडिओ छान केला होता आणि थंबनेलवर उजव्या बाजूला खाली मोठ्या पिवळ्या अक्षरात भाव टाकला होता, ₹450 किलो. दोन-तीन दिवसांत त्यांना फोन यायला लागले. "दादा, पंचेचाळीस रुपये किलोवाली चटणी पाठवाल का?" त्यांना वाटलं कोणी चेष्टा करतंय. मग शेजाऱ्याच्या मोबाईलवर व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं. यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवणारा काळा चौकोन नेमका शेवटच्या शून्यावर आणि 'किलो'वर बसला होता. लोकांना दिसत होतं फक्त ₹45.

दादांनी चित्र बनवताना त्यात काहीच चूक नव्हती. त्यांच्या फोनच्या गॅलरीत ते आजही बरोबर दिसतं. पण ग्राहक ते गॅलरीत बघत नाही, तो यूट्यूबच्या यादीत बघतो, आणि तिथे यूट्यूब आपल्या चित्रावर स्वतःच्या गोष्टी चिकटवतं. त्या कुठे चिकटतात, त्यातून आपली मोकळी जागा किती उरते आणि ती जागा बघून फ्रेम कशी निवडायची, एवढाच आजचा विषय. आपण आडव्या यूट्यूब व्हिडिओचं थंबनेल धरून चालू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आधी बघू, आपली नसलेली जागा कोणती

थंबनेल म्हणजे 1280 पिक्सेल रुंद आणि 720 पिक्सेल उंच चित्र. म्हणजे रुंदी 16 भाग असेल तर उंची 9 भाग. एवढं माप ठेवा, फाइल जेपीजी करा आणि 2 एमबीच्या आत ठेवा, म्हणजे चढवताना अडचण येत नाही. स्वतःचं थंबनेल चढवायचं तर चॅनेलला फोन नंबरचं व्हेरिफिकेशन झालेलं लागतं. ते नसेल तर यूट्यूबने स्वतः काढलेल्या तीन फ्रेममधूनच निवडावं लागतं. म्हणून आधी ते उरकून घ्या.

आता या आयताचे कोपरे बघा. उजवीकडे खाली टायमर येतो, तो काळा चौकोन. 8:42 असं काहीतरी त्यात लिहिलेलं असतं. ज्याने व्हिडिओ अर्धा बघून सोडलाय, त्याला अगदी तळाला एक लाल पट्टी दिसते. कॉम्प्युटरवर थंबनेलवर माऊस नेला की उजवीकडे वर छोटी बटणं उगवतात. आणि चारही कोपरे यूट्यूब गोल कापून दाखवतं, त्यामुळे अगदी कोपऱ्यात चिकटवलेला लोगो कानाकडून खाल्लेला दिसतो.

यातला सगळ्यात त्रास देणारा टायमर, आणि त्याची एक खोड माहीत असायला हवी. थंबनेल लहान झालं म्हणून टायमर त्याच प्रमाणात लहान होत नाही. होम पेजवर तुमचं थंबनेल मोबाईलच्या पूर्ण रुंदीचं असतं, साधारण सात सेंटिमीटर. त्यावर पाच-साडेपाच मिलिमीटरचा टायमर म्हणजे रुंदीचा बारावा-तेरावा हिस्सा. काही बिघडत नाही. पण तेच थंबनेल छोट्या यादीत आलं की ते अडीच-तीन सेंटिमीटरचं होतं, टायमर मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. आता तो रुंदीचा पाचवा हिस्सा, कधी जवळजवळ पाव हिस्सा खातो. व्हिडिओ तासाच्या वर असेल तर 1:04:30 असे जास्त आकडे येतात आणि टायमर आणखी रुंद होतो. दादांच्या बाबतीत हेच झालं. त्यांनी टायमरची जागा सोडली होती, पण मोठ्या चित्रातला टायमर बघून सोडली होती.

म्हणून माझा नियम असा, की जागा सोडायची ती छोट्या यादीतला टायमर धरून. 1280 बाय 720 च्या चित्रात उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात 320 पिक्सेल रुंद आणि 144 पिक्सेल उंच जागा आपली नाही असं समजायचं. रुंदीचा पाव भाग आणि उंचीचा पाचवा भाग. तिथे टेबल येऊ द्या, भिंत येऊ द्या, साडीचा पदर येऊ द्या. अक्षर, भाव, फोन नंबर, मालाचं लेबल यातलं काहीही तिथे नको.

याशिवाय चारही बाजूंनी थोडा समास सोडायचा. डावी-उजवीकडे 64 पिक्सेल, वर-खाली 36 पिक्सेल. चित्र काठापर्यंत जाऊ द्या, पण अक्षरं या समासाच्या आतच हवीत. गोल कोपरे आणि लाल पट्टी यांचा प्रश्न त्यातच सुटतो.

हे दरवेळी मोजत बसू नका. कॅनव्हा, पिक्सेललॅब, जे ॲप वापरता त्यात 1280 बाय 720 चं एक कोरं डिझाइन उघडा. कोपऱ्यात 320 बाय 144 चा लाल चौकोन ठेवा, तो अर्धवट पारदर्शक करा आणि समासाच्या चार रेघा मारा. ही झाली तुमची जाळी. ती जपून ठेवा आणि दर थंबनेलला तिची कॉपी घ्या. फोटो जाळीच्या खाली सरकवायचा, काम झालं की जाळी काढून टाकायची आणि मग सेव्ह करायचं. एकदा दहा मिनिटं लागतील, पुढे कायमचं काम झालं.

फ्रेम निवडताना चेहरा नाही, रिकामी जागा शोधा

दहा मिनिटांचा व्हिडिओ असेल आणि फोन सेकंदाला 30 फ्रेम घेत असेल तर तुमच्याकडे 18,000 फ्रेम आहेत. त्यातल्या बऱ्याचशा थंबनेलच्या कामाच्या नाहीत. म्हणून बघत बसायचं नाही, गाळत जायचं. मी तीन प्रश्न विचारतो आणि याच क्रमाने विचारतो.

पहिला प्रश्न: हात थांबलाय का? घरातल्या उजेडात फोनचा कॅमेरा एकेक फ्रेम घ्यायला साधारण 1/30 ते 1/50 सेकंद लावतो. हात सेकंदाला 60 सेंटिमीटर वेगाने हलत असेल, म्हणजे आपण साधं ढवळतो तसा, तर 1/30 सेकंदात तो 2 सेंटिमीटर सरकतो. फ्रेममध्ये तो धूसर पुसल्यासारखा येतो. व्हिडिओ चालू असताना हे डोळ्याला कळत नाही, थांबवला की कळतं. त्यामुळे ओतताना, ढवळताना, हलवून दाखवतानाच्या फ्रेम आधीच सोडून द्या. हात जिथे क्षणभर थांबतो तिथे शोधा. चमचा वर उचलून दाखवला, बरणी टेबलावर ठेवली, पुडी कॅमेऱ्यासमोर धरली, असे क्षण.

दुसरा प्रश्न: माल ओळखू येतोय का? कढईत काळा मसाला भाजतानाची फ्रेम आपल्याला फार आवडते, कारण वास आपल्या आठवणीत असतो. बघणाऱ्याला मात्र काळ्या कढईत काळी वस्तू आणि वर वाफेचा पांढरा धूर दिसतो. छोट्या चित्रात तो डांबराचा डबाही वाटू शकतो. माल आणि त्यामागची जागा यांच्या रंगात फरक हवा.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कोणीच विचारत नाही: अक्षरं बसतील एवढी सलग, शांत जागा फ्रेममध्ये आहे का, आणि ती लाल चौकोनाच्या बाहेर आहे का? शांत म्हणजे भिंत, पडदा, साधं टेबल. डब्यांची मांडणी, भांड्यांचा रॅक, फुलाफुलांची टाइल ही अशांत जागा. तिथे अक्षर टाकलं की दोन्ही एकमेकांशी भांडतात.

माणसं सहसा उलट करतात. आधी स्वतःचा हसरा चेहरा मधोमध असलेली फ्रेम निवडतात, मग अक्षरं कुठे टाकू म्हणून शोधतात. मग अक्षरं कपाळावर जातात, नाहीतर मालावर. म्हणून आधी जागा, मग चेहरा.

फ्रेम काढायची ती मूळ फाइलमधूनच

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला व्हिडिओ आकसून येतो, त्यामुळे त्यातून काढलेली फ्रेम फाटकी दिसते. ज्या फोनवर शूटिंग केलं त्यातली मूळ फाइल घ्या.

फोनवर स्क्रीनशॉट घेणार असाल तर फोन आडवा करा आणि व्हिडिओ पूर्ण स्क्रीन होऊ द्या. फोन उभा धरून स्क्रीनशॉट घेतला तर 1080 पिक्सेल रुंद स्क्रीनवर आडवा व्हिडिओ फक्त 1080 बाय 608 एवढाच मिळतो. आपल्याला 1280 हवेत, म्हणजे आधीच कमी. स्क्रीनवरची प्ले-पॉझची बटणं जाईपर्यंत थांबा आणि मग घ्या.

कॉम्प्युटर असेल तर व्हीएलसी प्लेअर उत्तम. व्हिडिओ थांबवा, `E` हे बटण दाबत जा, एकेक फ्रेम पुढे सरकेल. हवी ती फ्रेम आली की विंडोजवर `Shift+S` दाबा, चित्र सेव्ह होईल. मी एकाच क्षणाच्या आजूबाजूच्या पाच-सहा फ्रेम काढून ठेवतो. एकीत पापणी मिटलेली असते, एकीत ओठ वाकडे असतात, एखादी नेमकी चांगली निघते.

कापताना किती कापता येतं

साधा फुल एचडी व्हिडिओ 1920 बाय 1080 चा असतो. थंबनेल 1280 बाय 720 चं. म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा दोन तृतीयांश भाग ठेवला तरी चित्र स्वच्छ राहतं. त्याहून बारीक कापलं तर ॲप चित्र ताणून मोठं करतं आणि ते पाणी मारल्यासारखं दिसतं. एवढी एकच मर्यादा लक्षात ठेवा: कापलेला भाग 1280 पेक्षा कमी रुंद नको.

व्हिडिओ उभा घेतला असेल तर तो 1080 बाय 1920 असतो. त्यातून आडवा तुकडा कापला तर रुंदी 1080 च्या वर जात नाही. म्हणून ज्याचं आडवं थंबनेल हवं तो व्हिडिओ आडवाच घ्या, किंवा थंबनेलसाठी वेगळा फोटो काढा.

आता एक थंबनेल पूर्ण करून बघू

उदाहरण म्हणून काळा मसाला विकणाऱ्या एका ताईंचा व्हिडिओ घेऊ. लांबी 8:42. विषय: एक किलो मिरची घेतली तर साहित्य किती लागतं आणि शेवटी मसाला किती भरतो. शीर्षकात हे सगळं लिहिलेलं आहेच. मग थंबनेलवर तेच पुन्हा लिहायचं नाही. थंबनेलवर फक्त प्रश्न टाकायचा: "1 किलो मिरची, मसाला किती?" चार शब्द आणि एक आकडा. यापेक्षा जास्त शब्द छोट्या चित्रात वाचले जात नाहीत.

फ्रेम तीन निघाल्या.

पहिली फ्रेम 3:40 ची. कढईत मसाला भाजतोय, वाफ येतेय. दुसऱ्या प्रश्नातच नापास, कारण माल ओळखू येत नाही आणि ताईंचा हातही पुसलेला आहे.

दुसरी फ्रेम 6:18 ची. टेबलावर भरलेली बरणी, लेबल स्वच्छ, उजेड छान, डावीकडे मोकळी भिंत. ताईंना हीच आवडली. पण जाळी वर ठेवली आणि बरणीचं लेबल लाल चौकोनात गेलं. बरणी फ्रेममध्ये उजवीकडे आणि तळाशी होती. कापून वाचेल का बघू. उजवा आणि खालचा काठ तसाच ठेवला आणि डावीकडून-वरून कापलं तर लेबल थोडं आत आणि थोडं वर सरकतं. फ्रेमचा पाऊण भाग ठेवून बघितला तरी लेबलचा कोपरा लाल चौकोनात राहिला. आणखी कापलं तर डावीकडची मोकळी भिंत संपते, मग अक्षरं टाकायला जागा नाही. म्हणजे एक वाचवायला दुसरं जातं.

इथे पुष्कळ जण एक शॉर्टकट मारतात: चित्र आरशासारखं उलटं करतात, म्हणजे बरणी उजवीकडून डावीकडे जाते. मालाच्या फोटोला हे कधीही करू नका. लेबलवरची अक्षरं उलटी होतात. दुकानाची पाटी, पुडीवरचं नाव, वजन, सगळं उलटं. ग्राहकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं. जी फ्रेम कापून सुधारत नाही ती सोडायची. दुसरी फ्रेम सोडली.

तिसरी फ्रेम 8:05 ची. शेवटी ताई भरलेली बरणी चेहऱ्याच्या बाजूला धरून दाखवतात. हात थांबलेला. ताई आणि बरणी फ्रेमच्या मध्यापासून जरा डावीकडे. उजवीकडे फिकट हिरवी मोकळी भिंत. अडचणी दोन: अगदी डावीकडे डब्यांची मांडणी दिसते आणि अगदी उजवीकडे फ्रिजचं दार. या अडचणी काठावर आहेत, आणि काठावरची अडचण कापून जाते.

मूळ फ्रेम 1920 बाय 1080. डावीकडून 300 पिक्सेल कापले, डबे गेले. उजवीकडून 180 कापले, फ्रिज गेला. उरले 1440. आता उंची 16 ला 9 च्या हिशोबाने 810 हवी, म्हणजे 270 कापायचे. वरून 150 आणि खालून 120 कापले. वरून जास्त का? कारण ताईंच्या डोक्यावर भिंत बरीच रिकामी होती. उरलेला तुकडा 1440 बाय 810, तो 1280 बाय 720 वर आणला. मोठं करायची वेळ आली नाही, लहानच केलं, त्यामुळे चित्र कडक राहिलं.

आता जाळी ठेवून बघा. ताई आणि बरणी चित्राच्या डाव्या अर्ध्या भागात आल्या. लेबल डावीकडे असल्यामुळे टायमरशी त्याचा संबंधच नाही. उजव्या अर्ध्या भागात भिंत. त्यातली खालची 144 पिक्सेल उंचीची पट्टी सोडली, वरचा 36 चा समास सोडला, तर अक्षरांना 540 पिक्सेल उंची मिळाली. रुंदी साधारण 570. दोन ओळी आरामात बसतात. वरच्या ओळीत "1 किलो मिरची", खालच्या ओळीत "मसाला किती?".

बघा, दुसरी फ्रेम दिसायला जास्त सुंदर होती. तिसरी कामाची निघाली. ताईंना थोडं वाईट वाटलं, पण 6:18 चा फोटो वाया गेला नाही, तो त्यांनी व्हॉट्सॲप कॅटलॉगला लावला. तिथे टायमर नसतो.

मराठी अक्षरांना जागा जास्त लागते

थंबनेलवरचे बरेचसे व्हिडिओ आणि टेम्प्लेट इंग्रजी अक्षरं धरून बनवलेले असतात. मोठ्या इंग्रजी अक्षरांची ओळ वर-खाली सपाट असते, तिथे दोन ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. "मिरची"मधल्या दोन वेलांट्या आणि वरच्या ओळीत "गूळ", "पुडी"सारखा शब्द असेल तर त्याचा उकार, यांची टक्कर होते. म्हणून टेम्प्लेटमधलं ओळींमधलं अंतर वाढवून घ्या. उकार आणि वेलांटी एकमेकांना शिवत नाहीत इतकं वाढवा. काही ॲपमध्ये अक्षराच्या चौकटीचा वरचा काठ वेलांटी कापतो. सेव्ह केल्यावर एकदा प्रत्येक वेलांटी आणि रफार शोधून बघा, "किती"ची "कती" झाली नाही ना.

आता अक्षर किती मोठं? ॲपमधला फॉन्टचा आकडा विसरा, कारण तो प्रत्येक फॉन्टला वेगळा दिसतो. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा. ती 90 पिक्सेल ठेवा. 720 पैकी 90 म्हणजे आठवा भाग. छोट्या यादीत तुमचं थंबनेल दीड सेंटिमीटर उंच दिसतं, त्याचा आठवा भाग जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे वर्तमानपत्रातल्या बातमीच्या अक्षराएवढं. त्याहून लहान केलं तर चष्मा लागतो, आणि थंबनेल बघायला कोणी चष्मा काढत नाही. 90 पिक्सेलमध्ये शब्द बसत नसतील तर अक्षर बारीक करू नका, शब्द कमी करा.

फॉन्ट जाड आणि साधा घ्या. बारीक रेघांचा, लग्नपत्रिकेसारखा वळणदार फॉन्ट लहान झाला की त्याच्या रेघा गायब होतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि दोन्हींत जाड प्रकार आहेत. मी बहुतेक वेळा बलूच घेतो, त्याच्या वेलांट्या लहान आकारातही सुटसुटीत दिसतात.

रंगाचं म्हणाल तर फिकट भिंतीवर गडद अक्षर, गडद भिंतीवर पांढरं किंवा पिवळं. ताईंच्या फिकट हिरव्या भिंतीवर आपण गडद मरून रंग घेतला, बरणीच्या झाकणाचाच रंग. भिंत साधी असल्यामुळे अक्षराला किनार, सावली, पट्टी काहीच लागलं नाही. भिंत अशांत असती तर अक्षरांच्या मागे सपाट रंगाची पट्टी टाकावी लागली असती. रंग पुरेसा वेगळा आहे का हे बघायला फोनचा डिस्प्ले कृष्णधवल करा. कृष्णधवलमध्ये वाचता आलं तर रंगीतमध्ये येणारच. हिरव्यावर लाल अक्षर रंगीतमध्ये भडक दिसतं आणि कृष्णधवलमध्ये कित्येकदा अख्खं बुडतं.

चढवण्याआधी तीन फुटांची परीक्षा

तयार थंबनेल फोनवर पूर्ण रुंदीत उघडा. फोन टेबलावर कशाला तरी टेकवून उभा करा आणि तीन फूट मागे जा. आपण फोन साधारण एक फुटावरून बघतो. तीन फुटांवरून सात सेंटिमीटरचं चित्र डोळ्याला तेवढंच दिसतं जेवढं एक फुटावरून सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचं दिसतं. म्हणजे छोट्या यादीतला आकार घरबसल्या मिळाला. आता घरातल्या एखाद्याला बोलवा, ज्याने व्हिडिओ बघितलेला नाही. दोनच गोष्टी विचारा: काय लिहिलंय, आणि ही बाई काय विकते? दोन्ही उत्तरं पटकन आली तर थंबनेल पास. स्वतः परीक्षा घेऊ नका, आपल्याला मजकूर पाठ असतो.

चढवल्यावर पुन्हा तीन ठिकाणी बघा: होम पेजवर, सर्चमध्ये आणि दुसऱ्या व्हिडिओच्या खालच्या यादीत. हे स्वतःच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघितलं तर जास्त चांगलं. काही टायमरखाली जात असेल तर लगेच बदला. थंबनेल नंतर कधीही बदलता येतं, व्हिडिओ काढून पुन्हा चढवायची गरज नसते.

दोन थंबनेलमध्ये गोंधळ होत असेल तर कॉम्प्युटरवरच्या यूट्यूब स्टुडिओत तीनपर्यंत थंबनेल एकमेकांसमोर लावून बघायची सोय आहे. यूट्यूब ती आलटून-पालटून प्रेक्षकांना दाखवतं. पण लक्षात घ्या, तिथे निकाल नुसत्या क्लिकवर लागत नाही, लोकांनी व्हिडिओ किती वेळ बघितला यावर लागतो. म्हणजे थंबनेलवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत नसेल तर क्लिक मिळूनही ते थंबनेल हरतं. आणि नवीन चॅनेलला प्रेक्षक कमी असतील तर निकाल स्पष्ट लागतच नाही. तेव्हा तीन फुटांची परीक्षाच बरी.

रील असेल तर?

उभ्या व्हिडिओचं गणित वेगळं आहे. इन्स्टाग्रामवर रीलचं कव्हर 1080 बाय 1920 चं असतं, पण प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये ते 3 ला 4 च्या प्रमाणात मधूनच कापून दिसतं. म्हणजे 1080 बाय 1440, वरचे 240 आणि खालचे 240 पिक्सेल गायब. पूर्वी चौरस दिसायचं तेव्हा यापेक्षा जास्त कापलं जायचं, हे प्रमाण 2025 मध्ये बदललं. नियम पुन्हा बदलले तरी अडू नये म्हणून मी अक्षरं मधल्या 1080 बाय 1080 च्या चौरसातच ठेवायला सांगतो. आणि म्हणूनच यूट्यूबचं थंबनेल उभं करून रीलला लावू नका. जाळी वेगळी, म्हणून फ्रेमही वेगळी.

पुढच्या शूटिंगच्या वेळी

फ्रेम शोधण्यापेक्षा ती घडवणं सोपं. शूटिंग संपल्यावर, दिवे आणि मांडणी तशीच असताना, दोन मिनिटं थंबनेलसाठी ठेवा. फोन व्हिडिओवरून फोटोवर आणा. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 चा असतो. तो 4 ला 3 प्रमाणात असल्यामुळे 16 ला 9 करताना उंचीतला पाव भाग जातो आणि 4000 बाय 2250 उरतात. म्हणून वर-खाली जास्त मोकळी जागा ठेवून फोटो काढा. पण 4000 ची रुंदी मिळाली म्हणजे तिप्पट जवळ कापलं तरी चित्र फाटत नाही. व्हिडिओच्या फ्रेममध्ये ही मोकळीक फक्त दीडपट असते.

माल आणि तुम्ही डावीकडे, उजवीकडे साधी भिंत किंवा एकरंगी चादर. हात स्थिर. माझं पॅकिंग साहित्याचं दुकान आहे, त्यामुळे एक दुकानदारी टिप देतो: चकचकीत लेबल आणि काचेची बरणी सरळ धरली की खिडकी किंवा ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा लेबलवर उमटतो आणि नाव पुसलं जातं. बरणी जराशी खाली झुकवा किंवा थोडी फिरवा, पट्टा लेबलवरून सरकेपर्यंत. मग चार फोटो काढा: बरणी चेहऱ्याजवळ, बरणी छातीजवळ, चमच्यात माल, आणि एक फक्त मालाचा.

चटणीवाल्या दादांनी पुढच्या थंबनेलवर भाव डावीकडे वर टाकला आणि "किलो" हा शब्द भावाच्या खाली मोठा केला. फोन आता कमी येतात, पण जे येतात ते साडेचारशेवालेच येतात.

आज एवढंच करा: जाळी बनवा आणि तुमच्या शेवटच्या तीन थंबनेलवर ठेवून बघा. लाल चौकोनात काय सापडतं ते आधी तुम्हीच बघा, ग्राहकाचा फोन यायच्या आत.